व्हायवात मधलंच कलम विचारलं की अडतं, त्यावर माझी पद्धत

प्रश्न : एलएलबी थर्ड इयरला आहे, नाशिकमध्येच. रात्री बीएनएसची कलमं ओळीने पाठ होतात पण व्हायवात मधलंच एखादं विचारलं की ब्लँक होतो. आयपीसीचे जुने नंबर पण मिसळतात. लॅटिन मॅक्झिम तर पाठ करून दोन दिवसांत गायब. पुढे जेएमएफसीचा इंटरव्ह्यू पण द्यायचाय. काही ट्रिक आहे का?

उत्तर : सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात बरीच वर्षं फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करतेय आणि संध्याकाळी ज्युनियर पोरांच्या मॉक व्हायवा घेते, त्यामुळे तुमच्यासारखे ब्लँक होणारे खूप बघितलेत. तुमचं पाठांतर कमी पडत नाहीये, तुम्ही उलट्या दिशेने पाठ करताय. रात्री तुम्ही नंबरवरून मजकुराकडे जाता, ३०३ म्हणजे चोरी, ३०४ म्हणजे स्नॅचिंग, असं, आणि प्रत्येक कलमाला आधीचं कलम हात देतं. परीक्षक मात्र प्रसंग सांगतो आणि तिथून तुम्हाला नंबरापर्यंत यायला लावतो, आणि तो रस्ता तुम्ही कधी चाललेलाच नसता.

खात्री करायची असेल तर आत्ता पुस्तक बंद करा आणि ३१० पासून मागे या, ३०९, ३०८, ३०७. अडखळलात, किंवा मनात ३०३ पासून मोजत वर यावं लागलं, तर समजा की तुम्हाला नुसता क्रम येतोय.

आता किती कलमं करायची हे परीक्षेवर आहे. कॉलेजच्या व्हायवात बहुतेक वेळा तुमच्या जर्नलमधले विषय आणि त्याच्या आजूबाजूचंच विचारतात, इंटरव्ह्यूत कुठूनही येऊ शकतं, आणि काही परीक्षकांना नंबर हवाच असतो तर काहींना नंबर चुकला तरी घटक बरोबर आले की पुरतं. तुमचा परीक्षक यातल्या कोणत्या प्रकारचा निघेल ते आधी कळत नाही, म्हणून मी घटक आधी आणि नंबर नंतर असं शिकवते. सगळी बीएनएस इथे मांडत बसत नाही, मालमत्तेच्या गुन्ह्यांचा एकच गट घेते, ३०३ ते ३१०, कारण व्हायवात हा हमखास येतो आणि पद्धत यावरून पूर्ण कळते.

सुरुवात ३०३ पासून. चोरीची व्याख्या पाठ करू नका, तिचे पाच प्रश्न करा : काय नेलं, कोणाकडून नेलं, विचारून नेलं का, कशासाठी नेलं, आणि हलवलं का. उत्तरं अनुक्रमे जंगम मालमत्ता, कोणाच्या तरी कब्जातून, संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने, आणि नेण्यासाठी ती वस्तू हलवली. हे पाच प्रश्न तोंडात बसले की व्याख्या तुम्ही स्वतःच्या शब्दांत कधीही उभी करू शकता, आणि मुख्य म्हणजे परीक्षकाचा पुढचा प्रश्न याच पाचातल्या एकावर असतो.

उदाहरण घ्या. रविवार कारंजावर घड्याळ दुरुस्तीला टाकलं, दुरुस्ती झाली, पैसे दिले नाहीत म्हणून दुकानदाराने ते कायदेशीरपणे अडवून ठेवलं, आणि तुम्ही त्याची नजर चुकवून घड्याळ उचलून आणलं. चोरी आहे का? पोरं लगेच म्हणतात नाही, घड्याळ माझंच. पण दुसरा प्रश्न विचारा, कोणाकडून नेलं. कलमात कब्जा म्हटलंय, मालकी नाही म्हटलेलं, त्यामुळे ही चोरी झाली. आता त्यातच थोडा बदल करा, दुकानदाराचं काही देणं नव्हतं आणि तुम्ही उघडपणे आपलं घड्याळ जबरदस्तीने घेऊन आलात, तर अप्रामाणिक हेतू नाही म्हणून चोरी नाही, दुसरा एखादा गुन्हा असू शकेल. ही दोन्ही उदाहरणं कलमाखालच्या दृष्टांतांतच आहेत, परीक्षक तिथूनच उचलतात, म्हणून दृष्टांत वगळून कलम वाचू नका.

पहिल्या प्रश्नावर आपल्याकडचा आवडता प्रश्न म्हणजे द्राक्षाचा. वेलीवर लटकणारा घड जंगम आहे का? जमिनीला जोडलेला आहे तोवर नाही, तोडला की चोरीचा विषय होतो, आणि तोडणं आणि हलवणं एकाच कृतीत झालं तरी चोरी होते. दिंडोरी निफाडकडची पोरं हे एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

आता नंबर. इथे मी आपली जुनी कटपयादि वापरते. ज्योतिष-गणिताच्या जुन्या ग्रंथांत आकडे अक्षरांत लपवायला ही पद्धत होती, कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांच्या नावांतही तीच आहे. क ट प य म्हणजे १, ख ठ फ र म्हणजे २, ग ड ब ल म्हणजे ३, घ ढ भ व म्हणजे ४, ङ ण म श म्हणजे ५, च त ष म्हणजे ६, छ थ स म्हणजे ७, ज द ह म्हणजे ८, झ ध म्हणजे ९, आणि ञ, न आणि सुटा स्वर म्हणजे ०. काना मात्रा वेलांटी अनुस्वार मोजायचे नाहीत. जुन्या रीतीत आकडे उजवीकडून वाचतात, आपण तसं करायचं नाही, सरळ डावीकडून वाचायचं, उगाच व्हायवात उलटापालट नको.

मग ३०३ म्हणजे ब-न-ल, बनेल. बनेल माणूस कसा असतो ते मराठी माणसाला सांगायला नको, गुपचूप चोरी करणारा. ३०४ म्हणजे ब-न-व, बनाव. पत्ता विचारायचा बनाव केला आणि गळ्यातली चेन ओढली, हे झालं स्नॅचिंग. ३०५ म्हणजे ग-न-म, गनीम, घरात शिरलेला, राहत्या घरातली चोरी. ३०६ म्हणजे ल-न-त, लानत, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याकडेच चोरी करणारा नोकर किंवा कारकून. ३०७ म्हणजे ब-ई-स, बाईस, बाईस मारायची तयारी ठेवूनच चोरीला आला, म्हणजे मृत्यू, इजा किंवा अडवणूक करायची तयारी करून केलेली चोरी. ३०८ म्हणजे ब-ई-द, "बाई, दे!", म्हणजे खंडणी. ३१० म्हणजे ग-ट-न, गटानं, दरोडा.

३०८ कडे जरा बघा, कारण चांगला शब्द काय काम करतो ते तिथे दिसतं. चोरीत आरोपी स्वतः घेतो, खंडणीत भीती घालून समोरच्याकडून द्यायला लावतो. "दे" हा शब्द नंबरही सांगतो आणि त्या गुन्ह्याचं मर्मही सांगतो. शब्द असा निवडायचा. नुसता आकडा जुळतोय म्हणून कुठलाही शब्द घेतला तर परीक्षेत शब्द आठवतो आणि तो कशाचा होता ते आठवत नाही, हे मी पोरांमध्ये सारखं बघते.

३०९ ला मला चांगला शब्द मिळाला नाही, आणि लागतही नाही. कारण जबरी चोरी ही वेगळी उभी नाहीच, कायदाच म्हणतो की प्रत्येक जबरी चोरीत एकतर चोरी असते नाहीतर खंडणी असते. म्हणजे ३०३ किंवा ३०८, त्यावर जबरदस्ती चढली की ३०९, आणि त्यात पाच किंवा जास्त माणसं एकत्र आली की ३१०. दोन खुणांमधलं कलम तर्काने सापडत असेल तर तिथे तिसरी खूण ठोकू नका. पोरं प्रत्येक कलमाला, उपकलमाला, शिक्षेला सगळ्याला शब्द बनवतात आणि मग शब्दच पाठ करत बसतात. माझा नियम असा की जे कारणाने सांगता येतं ते कारणाने, आणि जे निव्वळ मनमानी आहे, म्हणजे नंबर, त्यालाच फक्त शब्द.

आता हे सगळं प्रत्यक्ष व्हायवात कसं चालतं ते दाखवते, मागच्या बॅचमध्ये एका मुलीला मी असंच विचारत गेले होते.

"गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघालेल्या बाईंचं मंगळसूत्र मोटरसायकलवरून एकाने ओढून नेलं. काय लागेल?"

"३०४ मॅडम, स्नॅचिंग. चोरी आहे, पण अचानक आणि झटक्याने ओढून घेतलंय."

"साधी चोरी आणि हे, शिक्षेत फरक?"

"दोन्हीत तीन वर्षांपर्यंत. पण ३०३ मध्ये कैद किंवा दंड किंवा दोन्ही, ३०४ मध्ये कैद आणि दंड."

"बाईंनी मंगळसूत्र धरून ठेवलं म्हणून त्याने मुद्दाम ढकललं, त्या पडल्या, हात मोडला."

इथे ती थांबली, आणि थांबली ते बरं झालं, कारण तिने मनात प्रश्न विचारला, दुखापत कशासाठी केली. "चोरी करण्यासाठी स्वतःहून इजा केली, म्हणून ३०९."

"आणि ढकललंच नाही, तो निघून गेल्यावर त्या घाबरून पळताना पडल्या तर?"

"मग इजा त्याने स्वतःहून केलेली नाही, ३०४ च."

"ओढलं नाही, चाकू दाखवून म्हणाला काढून दे, आणि बाईंनी काढून दिलं."

"दिलं, म्हणजे ३०८. पण तो समोर उभा आहे, भीती तत्काळ इजेची आहे आणि तिथल्या तिथे द्यायला लावलं, म्हणून खंडणीची जबरी चोरी झाली, ३०९."

"फोनवर धमकी दिली, उद्या पैसे आणून दे, नाहीतर बघून घेईन. दुसऱ्या दिवशी पैसे पोचवले."

"समोर नव्हता, तत्काळ भीती नाही. ३०८ च."

"चाकूवाले पाच जण होते?" "पाच जण एकत्र, म्हणजे दरोडा, ३१०." "चौघं?" "दरोडा नाही. ३०९, सोबत समान इराद्यासाठी ३ चं पोटकलम ५."

यातलं एकही उत्तर तिने नंबरापासून सुरू केलं नव्हतं, पहिला अपवाद सोडला तर, आणि तिथेही तिने लगेच कारण जोडलं. नंबर आधी फेकून गप्प बसणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे, कारण नंबर चुकला तर मागे काहीच उरत नाही. आधी घटक बोला, बोलता बोलता नंबर येतो, आणि नाहीच आला तर "मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचं प्रकरण, सतरावं" इतकं तरी खात्रीने सांगता येतं. आणि हो, बनेल, गनीम हे मनात ठेवा, एक मुलगा घाईत परीक्षकासमोर "सर, बनाव" म्हणून गेला होता, म्हणून सरावातसुद्धा शब्द मनात आणि नंबर तोंडात अशीच सवय लावा.

सरावाची कार्डं अशी करा. पुढे कधीच नुसता नंबर लिहू नका. एका कार्डावर प्रसंग, मागे घटक आणि नंबर. दुसऱ्यावर जोडी, जसं "स्नॅचिंग आणि जबरी चोरी, कुठे तुटतं?", मागे उत्तर एका वाक्यात. तिसऱ्यावर बदल, "याच प्रसंगात एक गोष्ट बदलून ३०९ चं ३०८ करा". हा तिसरा प्रकार कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो. कार्ड बघून मागची बाजू लगेच उलटायची नाही, मोठ्याने उत्तर पूर्ण बोलायचं आणि मगच उलटायचं, अर्धवट आठवलं म्हणून "येतंय की" म्हणून पुढे जायचं नाही. पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, आणि दरवेळी कार्डं पिसून, दुसऱ्या गटातली दहाबारा मध्ये घालून. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रयोगात हेच दाखवलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःची चाचणी घेणारे पुढे. तुम्हाला रात्री सगळं येतं आणि व्हायवात जातं, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

जुन्या नंबरांचं. ते विसरायचे नाहीत, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस आयपीसीखालीच चालतायत आणि आपल्या कोर्टात रोज दोन्ही ऐकू येतात. पण जुना-नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाठ करू नका, त्यानेच मिसळतात. आधी नवा गट पक्का करा, मग वेगळ्या दिवशी वेगळ्या रंगाच्या कार्डांवर फक्त धोक्याचे नंबर घ्या, म्हणजे जो आकडा दोन्हीकडे आहे पण अर्थ वेगळा आहे. आयपीसीत ३०२ खुनाची शिक्षा, बीएनएसमध्ये ३०२ धार्मिक भावना दुखावणारं बोलणं आणि खुनाची शिक्षा १०३ ला गेली. जुनं ३०६ आत्महत्येला प्रवृत्त करणं, ते आता १०८, आणि ३०६ ला आपला लानतवाला नोकर बसलाय. जुनं ३०७ खुनाचा प्रयत्न, ते आता १०९. ४२० तर नव्यात नाहीच, एकूण कलमंच ३५८ आहेत, फसवणूक ३१८ मध्ये. कार्डावर प्रश्न असा लिहा, "घटना मे २०२४, खटला आज, राहत्या घरात चोरी, कोणतं कलम?" उत्तर आयपीसी ३८०. "घटना ऑगस्ट २०२४?" मग बीएनएस ३०५. तारीख प्रश्नातच असली की कोणता कायदा ते आधी ठरतं आणि मग दोन नंबर भांडत नाहीत.

मॅक्झिम. लॅटिन वाक्य आणि शेजारी अर्थ असं पाठ केलं तर दोन दिवसांत जाणारच, कारण त्याला तुमच्या डोक्यात कोणी बोलवतच नाही. मी पोरांना सांगते कार्डाच्या पुढे समोरच्या पक्षाचं किंवा आपल्या अशिलाचं वाक्य लिहा, जे ऐकलं की तुम्ही उठून ते मॅक्झिम म्हणाल, आणि मागे मॅक्झिम आणि एक कलम, फार तर एक जोडी. "साहेब, असा कायदा आहे हे मला माहीतच नव्हतं", मागे इग्नोरँशिया ज्युरिस नॉन एक्सक्युझॅट, आणि कलम १४ व १७ ची जोडी, जिथे वस्तुस्थितीची चूक माफ होते पण कायद्याची नाही. "मी सायकल नेली पण माझीच समजून नेली", मागे ॲक्टस नॉन फॅसिट रिअम निसी मेन्स सिट रिआ, आणि आपलं ३०३, चौथा प्रश्न, कशासाठी. "याच गुन्ह्यात निर्दोष सुटलोय, परत उभं केलंय", मागे निमो डेबेट बिस व्हेक्सारी, आणि प्रक्रियेच्या कायद्याचं, म्हणजे बीएनएसएसचं ३३७. इथे राज्यघटनेचं अनुच्छेद २० चं खंड २ सगळे सांगतात, पण त्यात खटला आणि शिक्षा दोन्ही लागतं, सुटलेल्या माणसाला आधार ३३७ चा, हा पुढचा प्रश्न हमखास येतो.

एक जोडी मात्र सगळ्यांची उलटी होते, इंज्युरिया साइने डॅम्नो आणि डॅम्नम साइने इंज्युरिया. त्याला दोनच प्रश्न, हक्क मोडला का आणि नुकसान झालं का. पहिला शब्द जे आहे ते सांगतो, शेवटचा जे नाही ते. ॲशबी विरुद्ध व्हाइट, १७०३, मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, नुकसान काही नाही पण हक्क मोडला, दावा टिकला. ग्लॉस्टर ग्रामर स्कूल, १४१०, शेजारी दुसरी शाळा निघाली, पहिल्याची फी उतरली, नुकसान खरं पण हक्क मोडला नाही, काही मिळालं नाही. कॉलेज रोडला तुमच्या मिसळीसमोर दुसऱ्याने मिसळ सुरू केली आणि गिऱ्हाईक गेलं तर कोणतं, हे आता लिहिल्याशिवाय मोठ्याने बोलून बघा. परीक्षकाला मॅक्झिमचा उच्चार अगदी घासून पुसून नको असतो, केस आणि दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर लागतात.

सुरुवात करताना एका आठवड्यात एकच गट घ्या, जास्त नाही, आणि कार्डं स्वतःच्या हाताने लिहा, कोणाची तयार घेऊ नका, प्रसंग रचतानाच निम्मं कलम डोक्यात बसतं. मग एखादा मित्र धरा, त्याला कायदा येत नसला तरी चालेल, कार्ड हातात देऊन त्याला फक्त "का?" आणि "असं नसतं तर?" एवढे दोन प्रश्न परत परत विचारायला सांगा. पुढचा गट म्हणून १०० ते ११० घेऊ शकता, सदोष मनुष्यवध आणि खून, तिथे मात्र शब्दांपेक्षा १०० आणि १०१ मधला फरक प्रसंगांनी घोटावा लागतो, आणि त्याला दोन आठवडे द्या. अडलात तर इथेच विचारा, तुम्ही केलेलं एखादं कार्ड टाका, मी बघून सांगते.